आत्याच्या गोळ्या: कोणती, कधी, कशी

आत्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाकिटांवरचं इंग्रजी सगळं वाचून, वेळा डॉक्टरांना पुन्हा विचारून हे लिहिलंय. कागद फ्रिजच्या दारावर लाव. ठरलेल्या वेळी घ्यायच्या प्रत्येक गोळीच्या पाकिटावर किंवा बाटलीवर मी एक टिकली चिकटवली आहे. नावं विसरलीस तरी चालेल, टिकलीचा रंग बघ.

उठल्या उठल्या: लाल टिकली (थायरॉईड)
छोट्या बाटलीतली गोळी. तोंड धुतलंस की एक गोळी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, बिस्किट नाही, काहीच नाही. पाऊण तास थांबलीस तर आणखी चांगलं. तुला चहाशिवाय डोळे उघडत नाहीत हे माहीत आहे, पण चहाबरोबर घेतली तर ही गोळी अंगी नीट लागत नाही. म्हणून बाटली देवघराशेजारी ठेवली आहे. गोळी घे, मग आंघोळ-पूजा कर, मग चहा.

नाश्ता झाल्यावर: हिरवी टिकली (साखर) आणि निळी टिकली (बीपी)
दोन्हींतली एक-एक. हिरवी गोळी मोठी आहे, घशाशी अडकल्यासारखी वाटते. तरी तिचे तुकडे करू नको, चावू नको, कुटू तर मुळीच नको. ती पोटात हळूहळू, दिवसभर विरघळावी अशी बनवलेली आहे. कधी शौचात गोळीसारखं काही दिसलं तर घाबरू नको, ते नुसतं वरचं कवच असतं, औषध आत उतरलेलं असतं. उपाशीपोटी घेतलीस तर मळमळेल.

निळी रोज एक, बीपी बरा वाटला तरी. घोटे सुजायला लागले तर गोळी आपल्या मनाने बंद न करता मला सांग. सकाळी उठताना आधी जरा पलंगावर बस, मग उभी राहा.

दुपारच्या जेवणानंतर: पिवळी टिकली (कॅल्शियम)
एक गोळी. ही लाल टिकलीच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची, म्हणून दुपारी. सगळ्या गोळ्या सकाळी एकदमच गिळून मोकळं व्हायचं, ही तुझी सवय इथे चालणार नाही.

रात्री जेवल्यावर: पुन्हा हिरवी, एक. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलंय ते हेच: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

झोपताना: डोळ्यांचे थेंब
हात धू. मान मागे कर, खालची पापणी बोटाने ओढ, आणि तिथे एकच थेंब टाक. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नको. मग डोळा मीट आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धर, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. बाहेर गळालं तर पुसून टाक. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख मी तिच्यावर लिहिली आहे. चार आठवड्यांनी ती टाकून नवी घ्यायची, उरलं असलं तरी.

फक्त रविवारी: काळी टिकली (ड जीवनसत्त्व)
आठवड्यातून एकच, दुधाबरोबर. रोजची नाही! ही फार जोरदार असते. रोज घेतली तर अंगात जमा होऊन त्रास होतो. घेतलीस की कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात फुली मार.

टिकली नसलेलं पाकीट: ताप, अंगदुखी (पॅरासिटामॉल ६५०)
दुखलं तरच. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसात तीनच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा हेच औषध असतं, म्हणून दोन्ही एकत्र नको. आणि शेजारच्या काकूंची गुडघेदुखीची गोळी, कितीही गुण आला म्हणोत, घ्यायची नाही. त्या जातीच्या गोळ्यांनी बीपी चढतो आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

एखादी गोळी राहिली तर राहिली. पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई करू नको. उलट्या-जुलाब होऊन जेवण जात नसेल तर हिरवी घेण्याआधी मला फोन कर. छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा तोंड वाकडं झालं तर माझी वाट बघू नको, १०८ लाव.

पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घ्यायचं नाही, मग दुकानदार देत असला तरी. गोळ्या काढताना, ज्या टोकाला तारीख छापली आहे ते टोक शेवटी फोड. दर महिन्याला मी येईन तेव्हा ती तारीख बघीन. गॅसशेजारच्या फळीवर डबा ठेवू नको, तिथे उष्णता लागते. कपाटात ठेव, नातवंडांच्या हाताला येणार नाही असा.

तुझी भाची