रेघेच्या वर

पूर उतरल्यावर घराला रंग काढला, तेव्हा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हॉलमधली एक भिंत तशीच ठेवायला लावली. तिच्यावर साधारण माझ्या छातीच्या उंचीला एक मातकट रेघ आहे. 2024 च्या गोकुळाष्टमीला पावसाने धरलं ते सोडेचना, विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यात पाणी त्या रेघेपर्यंत येऊन उभं राहिलं. रंगारी म्हणाला, "बा, खराब लागशे." आई म्हणाल्या, "भले लागे."

बडोद्याचा पूर म्हटलं की बाहेरगावचे लोक आधी मगरीचं विचारतात. मगरी निघाल्या, खोटं नाही. पण आमच्या घरात त्या पुराचं नाव निघालं की फोटोंचंच बोलणं होतं. दिवाणाखालच्या पत्र्याच्या पेटीत चार आल्बम होते. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर चारांची मिळून एक वीट झाली होती. पहिला फोटो मी घाईने ओढला आणि मामंजींचा अर्धा चेहरा मागच्या पानाला चिकटून राहिला. मग आईंनी माझा हात धरला, बादलीभर स्वच्छ पाणी मागवलं आणि सगळा गठ्ठा त्यात भिजत घातला. तासा-दोन तासांनी एकेक फोटो सुटायला लागला. दोरीवर चिमटे लावून आम्ही ते वाळवले, पोरांचे लंगोट वाळवावेत तसे. सगळे धरून त्रेचाळीस वाचले.

यंदा जुलैत तेजसने ते त्रेचाळीस फोनवर घेतले. एक रविवार गेला त्यात. संध्याकाळी तो हॉलमध्ये येऊन म्हणाला, "आजी, झालं. सगळे क्लाऊडवर टाकले. आता कितीही पूर येऊ दे."

आई भिजवलेले वाल सोलत होत्या. अंगठ्याने दाबलं की डाळिंबी टुणकन ताटात पडते आणि साल हातात राहतं, तो आवाज थांबला.

"कुठे टाकलेस?"

"क्लाऊडवर."

आईंना इंग्रजी येतं, हीच अडचण. येत नसतं तर क्लाऊड हे एखाद्या कंपनीचं नाव असेल असं समजून त्या वाल सोलत राहिल्या असत्या. त्यांनी खिडकीतून वर बघितलं. समोरच्या गच्चीवर काळं भरून आलं होतं.

"ज्याने नेले त्याच्याच हवाली केलेस?"

तेजस हसला. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या रमीलाबेन वाटी परत करायला आल्या. आईंनी त्यांना सांगितलं, पोराने फोटो कुठे ठेवलेत बघा. रमीलाबेन म्हणाल्या, "वादळमां? फोटा?" आता गुजरातीत वादळ म्हणजे ढगच, हे आईंना जन्मापासून ठाऊक. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले त्या वर्षी याच बाईंनी "आजे तो बहु वादळां छे" म्हटल्यावर मी घरभर खिडक्या लावत सुटले होते. आजही तो शब्द कानावर पडला की माझा हात कडीकडे जातो.

"अगं, आकाशातला ढग नाही गं," तेजस खाली बसला. "मोठमोठ्या इमारती असतात. आत नुसते कॉम्प्युटर, रात्रंदिवस चालू. आपला फोटो इंटरनेटवरून तिथे जातो."

"मग इमारत म्हण ना. ढग कशाला?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं. त्याने वर्तमानपत्राच्या कडेला पेनने एक चौकोन काढला, जरा लांब दुसरा, आणि मधे फुगीर, गोबरा ढग. "हा आपला फोन, हा पलीकडचा कॉम्प्युटर. मधल्या भानगडी इंजिनियरना प्रत्येक वेळी काढायच्या नसायच्या, म्हणून ते मधे ढग काढायचे. त्याचंच नाव पडलं."

आईंनी ते चित्र हातात घेऊन पाहिलं. "म्हणजे जे सांगायचं नाही त्याचा ढग करायचा." मग वालाकडे वळल्या. मला वाटलं, संपलं.

"या इमारती कितव्या मजल्यावर?"

"काय?"

"कॉम्प्युटर रे. तळमजल्यावर आहेत की वर?"

तेजस माझ्याकडे बघायला लागला. मी ताटातली सालं गोळा केली.

"ते नाही माहीत. पण आजी, एकाच ठिकाणी नसतो फोटो. त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. एक बुडालं तरी दुसरीकडे असतो."

"त्या गावांना नद्या आहेत?"

"असतील."

"ओळखीचं कोण आहे तिथे?"

"कोणी नाही."

"भाडं?"

"पंधरा जीबीपर्यंत फुकट. आपले जेमतेम पाव जीबी झाले असतील."

"आणि किल्ली?"

त्याने पासवर्ड सांगितला. आईंनी चष्मा लावला आणि तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, गॅसच्या सिलिंडरच्या तारखांखाली, ठळक अक्षरात लिहून घेतला. तेजसने कपाळाला हात लावला. "आजी, हे असं भिंतीवर लिहीत नाहीत!" "तू उद्या नोकरीला बंगलोरला गेलास, तर मी कुणाच्या दारात उभी राहू?" त्याने अर्ध्या तासात पासवर्ड बदलला. नवा त्यांच्या हिशेबाच्या वहीत गेला, धोब्याच्या पानावर. तिथे तो खरोखरच सुरक्षित आहे. ते पान धोब्याशिवाय कोणी मागत नाही.

जेवणानंतर त्यांनी फोन मागून घेतला. तेजसने फोटो मोठे कसे करायचे ते दाखवलं. आई एकेक सरकवत होत्या, लग्नातल्या फोटोपाशी थांबल्या. रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओत काढलेला, 1968 सालचा. मागे रंगवलेला पडदा असायचा तेव्हा. कठडा, कुंडी, वर पांढरे ढग. पाण्याने माणसं धुऊन नेलीत. शेल्याची किनार आहे, मामंजींचा बूट आहे, चेहऱ्यांच्या जागी तपकिरी डाग. पडदा मात्र जसाच्या तसा. आईंनी दोन बोटांनी ढग मोठे केले, लहान केले, परत मोठे केले.

"दुरुस्त होतील का रे यातली माणसं?"

"करता येतं थोडंफार. पण चेहरा अंदाजाने काढावा लागेल. तो आजोबांचा नसेल."

"मग राहू दे."

रात्री साडेअकराला पाऊस सुरू झाला. पाठोपाठ दिवे गेले, वायफाय गेलं. आई अंधारात उठल्याचं मला कळलं. दिवाणाखालून पत्र्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन गेले तर त्या नव्या डब्याला दोन्ही हातांनी ओढत होत्या. त्यात ते त्रेचाळीस, बटरपेपरात गुंडाळलेले. तेजसही डोळे चोळत आला.

"आजी, आहेत गं क्लाऊडवर."

"असू देत. स्टूल आण."

तो स्टुलावर चढला. मी टॉर्च धरला. उजेड आधी भिंतीवरच्या रेघेवर पडला, मग वर सरकला. डबा त्याच्या खांद्यापर्यंत आला तेव्हा त्याने विचारलं, "इथल्या फळीवर ठेवू?"

"किती आहे ते रेघेपासून?"

त्याने वीत लावून मोजलं. "तीन विती."

बाहेर नळीतून पाणी धो धो पडत होतं. आईंनी थोडा वेळ ऐकलं.

"माळ्यावर ठेव," त्या म्हणाल्या.