विषय: समाधान ७८ वरून ८१ टक्के, सोमवारच्या स्लाइडवर 'वाढ' हा शब्द नको

नमस्कार मॅडम,

सोमवारच्या आढाव्याच्या स्लाइडवर 'पिकअप-ड्रॉप सेवेमुळे समाधान ३ टक्क्यांनी वाढले' असं वाक्य आहे. आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून वाढ झाली असं म्हणता येत नाही. नाशिकच्या आठही सर्व्हिस सेंटरना हे वाक्य जाणार आहे, म्हणून आधीच लिहिते.

एप्रिल-जूनमध्ये ४०० पैकी ३१२ ग्राहक समाधानी होते, जुलै-सप्टेंबरमध्ये ४०० पैकी ३२४. फरक १२ माणसांचा. दोन्ही वेळचे ग्राहक वेगळे, सर्व्हिसिंगच्या यादीतून रँडम काढलेले. लोकांचं मत तसूभरही बदललं नसलं, तरी दुसरे ४०० जण हाती आले की आकडा थोडा हलतोच. किती हलू शकतो, ते एक्सेलच्या रिकाम्या सेलमध्ये हे टाकून दिसेल:

```
=1.96*SQRT(0.78*0.22/400+0.81*0.19/400)
```

उत्तर ०.०५५९, म्हणजे ५.६ टक्के. आपला फरक ३. त्यामुळे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की खरा बदल २.६ टक्क्यांची घट ते ८.६ टक्क्यांची वाढ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. शून्य त्यातच येतं. वाढ झालीच नाही, असंही यातून सिद्ध होत नाही.

सातपूरचा आकडा मोठा दिसतो, ७० वरून ८४. पण तिथे दर तिमाहीत फक्त ५० जणांना विचारलं आहे, म्हणजे ७ माणसांचा फरक. तिथली त्रुटी १६ टक्क्यांच्या वर जाते. शिवाय आठ सेंटरमधलं सगळ्यात चांगलं निवडून दाखवलं, तर योगायोगच निवडला जाण्याची शक्यता वाढते. कृपया सातपूरचा वेगळा उल्लेख नको.

'९,६०० ग्राहकांमधून ४००च का?' असं बैठकीत कुणी विचारेल. एकूण संख्येचा हिशेब धरला, तरी ५.६ चे जेमतेम ५.५ होतात. खरी अडचण दुसरीच आहे: ४०० उत्तरांसाठी १,१५० नंबर लावावे लागले. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांचं मत वेगळं असेल, तर ती चूक या ५.६ मध्ये धरलेलीच नाही.

स्लाइडवर असं लिहावं: 'समाधान ८१ टक्के (मागील तिमाही ७८), फरक सॅम्पलिंग त्रुटीच्या आत.' हिरवा बाणही काढावा.

३ टक्क्यांचा खरा बदल बऱ्यापैकी खात्रीने (पाचपैकी चार वेळा) पकडायचा, तर दर तिमाहीला सुमारे २,८४० उत्तरं लागतील. तेवढे कॉल आपल्याला झेपणार नाहीत. पिकअप सेवेचा परिणाम बघायचा, तर जॉब कार्डवरची वेळेत डिलिव्हरीची नोंद मला जास्त उपयोगी वाटते. ती प्रत्येक गाडीची असते, त्यामुळे तिथे सॅम्पलचा प्रश्नच येत नाही. आपण हो म्हणालात, तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही तिमाहींचा तक्ता करून पाठवते.

हिशेबाची शीट सोबत जोडली आहे.

आपली,
स्नेहल
ज्युनिअर अ‍ॅनालिस्ट, अंबड कार्यालय