गूळभेंडी हुरड्यात आलीय! जानेवारीचे शनिवार-रविवार आमच्या मळ्यावर या

ज्वारीचं कणीस हुरड्याला येतं ते जेमतेम आठ-दहा दिवस. दाणा दुधातून नुकताच घट्ट होऊ लागतो आणि अंगठ्यानं दाबला की हिरवा, गोड लागतो. त्याआधी काढला तर पाणचट, आठवडाभर उशीर झाला तर ज्वारी. म्हणून यंदा आम्ही हुरड्यासाठी अर्ध्या एकरात गूळभेंडी आणि सुरती तीन टप्प्यांत पेरली. जानेवारी २०२६ च्या पाचही शनिवारी कुठला ना कुठला पट्टा हुरड्यात असेल. मुलांना घेऊन या.

आमचं शेत जुन्नर तालुक्यात, ओतूरपासून चार किलोमीटरवर. सहा एकर रान. त्यात कांदा, ऊस, थोडा गहू आणि घरापुरता भाजीपाला. दोन गाई, एक म्हैस, खिलार बैलांची जोडी, शेळ्या, कोंबड्या. पाहुण्यांसाठी चारच खोल्या आहेत. एका वेळी सोळा माणसांपेक्षा जास्त आम्ही घेत नाही, कारण चुलीपुढे सासूबाई आणि मी अशा दोघीच असतो आणि ताटात पडणारी प्रत्येक भाकरी गरम असावी असा आमचा हट्ट आहे.

शनिवारी सकाळी अकरापर्यंत पोचा. आल्यावर गूळ-पाणी, मग शेतात चक्कर. सध्या कांद्याची लागण चालू आहे. एक वाफा आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. लागणीला येणाऱ्या गावातल्या मावश्या मुलांना हाताला धरून शिकवतात: ओल्या मातीत अंगठ्यानं रोप दाबायचं, चार बोटं अंतर सोडायचं, पुढं सरकायचं. मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका सात वर्षांच्या मुलीनं दोन ओळी लावल्या आणि एप्रिलमध्ये आपला कांदा काढायला ती आईबाबांना घेऊन परत आली. तुम्ही लावलेल्या वाफ्यावरही तुमच्या नावाची पाटी राहील. काढणीला यायला जमलं नाही तर निदान फोटो नक्की पाठवू.

पाणी भरायचं ते लाइट असेल तेव्हा. ज्या आठवड्यात दिवसाची लाइट, त्या आठवड्यात मुलांना दारं धरायला मिळतं. खोऱ्यानं एक दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. चिखलात पाय घालून हे काम करताना मुलं तास-दोन तास हलत नाहीत. जुने कपडे आणि एक जोडी जास्तीची आणाच.

दुपारच्या जेवणात पिठलं, बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, वांग्याची नाहीतर घेवड्याची भाजी, इंद्रायणीचा भात आणि ताक. तिखट न खाणाऱ्या मुलांसाठी वरण-भात, तूप आणि गूळपोळी वेगळी असते.

चार वाजता बैलगाडी जुंपतो. उसाच्या कडेनं ओढ्यापर्यंत जाऊन परत. तोवर आगटी पेटलेली असते. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, निखाऱ्यात खुपसलेली कणसं. भाजलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे थेट समोरच्याच्या तळहातावर. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, पेरू. हुरडा पोटभर खा, मोजून देत नाही. फक्त त्यावर लगेच फार पाणी पिऊ नका, ताक प्या.

रात्री मासवडी. आमच्या जुन्नर भागाचं हे खास जेवण. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर, खसखस यांचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट वळून माशासारखा आकार द्यायचा. वड्या कापून झणझणीत रश्शाबरोबर, भाकरी चुरून. सासूबाई साडेसहाला थापायला बसतात, शिकायचं असेल त्यांनी शेजारी पाट घेऊन बसावं. मटण हवं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा. एक किलोत पाच-सहा माणसं जेवतात, त्याचे ₹१,५०० वेगळे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा बिबट्यांचा तालुका आहे आणि आजूबाजूला ऊस आहे. अंगणाला तारेचं कुंपण आणि दिवे आहेत, पण अंधार पडल्यावर मुलांना कुंपणाबाहेर सोडायचं नाही आणि शेतात एकटंदुकटं कुणी जायचं नाही. चांदण्या बघायला आम्हीच सगळ्यांना गच्चीवर नेतो. मळ्यावर दारू आणि मोठ्या आवाजातली गाणी चालत नाहीत.

खोल्या साध्या आहेत. गाद्या, गोधड्या, प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम, अंघोळीला बंबाचं गरम पाणी. एसी नाही. पहाटे चांगलीच थंडी पडते, स्वेटर-कानटोपी आणा. एक खोली खाली, पायऱ्या न चढता जाता येईल अशी, आजी-आजोबांसाठी आहे.

रविवारी सहाला धार काढायची वेळ. मग निरसं नाही, तापवलेलं दूध आणि थालीपीठ-लोणी. साडेअकराला जेवून निघालात की वाटेत लेण्याद्री होतं, इथून गाडीनं साधारण अर्धा तास. अष्टविनायकांतला हा एकच गणपती डोंगरातल्या लेण्यात आहे. मुलांत दम असेल तर शिवनेरीही करा.

दर असे:
शनिवार-रविवार, एक मुक्काम: मोठ्यांना ₹२,३००, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ₹१,३००, ६५ वर्षांवरच्यांना ₹१,९००. पाच वर्षांखालच्यांचे काही नाहीत.
२४ ते २६ जानेवारी, दोन मुक्काम: मोठ्यांना ₹३,९००, मुलांना ₹२,२००, ६५ वर्षांवरच्यांना ₹३,२००. सोमवारी सकाळी गावच्या शाळेत झेंडावंदनाला सगळे मिळून जाऊ.
फक्त रविवारची हुरडा सहल, दहा ते पाच: मोठ्यांना ₹१,०००, मुलांना ₹६००.

यात राहणं, दोन्ही जेवणं, नाश्ता, चहा, हुरडा, बैलगाडी सगळं आलं. म्हणजे आई-बाबा, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा अशा घराला एका मुक्कामाचे ₹५,९०० पडतात. वर काही लागत नाही. जाताना कांदा, गूळ, तूप विकत घ्यायचं तर घरच्या भावानं मिळेल.

बुकिंगसाठी या पोस्टवरच्या WhatsApp बटणावर मेसेज करा: तारीख, मोठी किती, मुलं किती आणि त्यांची वयं, कुणाला काही पथ्य किंवा ॲलर्जी. खोली शिल्लक असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी कळवते. दिवसा मी रानात असते, फोन उचलला नाही तर मेसेज ठेवा. अर्धी रक्कम यूपीआयनं पाठवली की खोली तुमची, उरलेली इथं आल्यावर. त्या आठवड्याच्या बुधवारी रात्रीपर्यंत रद्द केलंत तर पूर्ण पैसे परत. त्यानंतर परत मिळत नाहीत, पण फेब्रुवारीपर्यंत दुसरी तारीख देऊ. येताना मोठ्यांपैकी एकाचं आधार कार्ड असू द्या.

पुण्याहून नारायणगाव मार्गे तीन तास धरा. मुंबईकरांनी कल्याण-मुरबाड-माळशेज घाटानं यावं, चार-साडेचार तास लागतात. एसटीनं आलात तर ओतूरला उतरा, स्टँडवर गाडी घेऊन येतो, त्याचे पैसे नाहीत. मॅपची लिंक बुकिंगनंतर पाठवते. शेवटचं एक किलोमीटर कच्चा रस्ता आहे, गाडी सावकाश आणा.

१० जानेवारीच्या दोन खोल्या गेल्यात. २४ तारखेची एकच उरलीय.

#हुरडा #जुन्नर #मासवडी #कृषीपर्यटन