वर जातोयस ना?

हिंदमाताला पाणी भरलं की मी बाइक मडकेबुवा चौकातच फुटपाथवर चढवतो आणि पुढे पायी जातो. एकदा सायलेन्सरमध्ये पाणी जाऊन 1800 रुपयांना बसलाय, तेव्हापासूनचा नियम. पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्यापासून ते लवकर ओसरतं, हे खरं. पण ओसरेपर्यंत ऑर्डर थांबत नाहीत.

त्या संध्याकाळी खोका लहानच होता, बुटाच्या खोक्याएवढा. पण उचलला तेव्हा खांदा खाली आला. आत काहीतरी ठक् ठक् आपटत होतं. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरला आणि गुडघाभर पाण्यातून इमारतीपर्यंत पोचलो. जुनी चाळ पाडून बांधलेली, 22 मजली. पत्ता, एकोणिसावा मजला.

वॉचमनने मला बघूनच मान हलवली. "दोन्ही लिफ्ट बंद. खाली खड्ड्यात पाणी शिरलंय."

कस्टमरला फोन लावला, नॉट रिचेबल. गेटवर ठेवून जावं तर ओटीपीशिवाय ऑर्डर पूर्ण होत नाही. परत न्यावी तर हेच ओझं घेऊन पुन्हा पाण्यात. ऑर्डरचे मिळणार 48 रुपये. निघालो.

एका मजल्याला 18 पायऱ्या. नऊ, वळण, नऊ. चौथ्या मजल्यापर्यंत रेनकोटच्या आत एवढा घाम आला की रेनकोट घातला कशाला, असं झालं. काढून कमरेला बांधला.

आठव्यावर रेफ्युजची मोकळी जागा आहे. तिथे निम्मी इमारत जमली होती. ऑफिसातून आलेले, भाजी घेऊन आलेले, लिफ्ट चालू व्हायची वाट बघत बसलेले. कुणीतरी मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मी श्वास घ्यायला टेकलो तर शेजारचे आजोबा म्हणाले, "वर जातोयस ना?"

"हो. एकोणिसाव्यावर."

"मग चौदाव्यावर एवढं दूध दे. 1402. सून वाट बघत असेल. माझे गुडघे इथपर्यंतच."

अर्धा लिटरची पिशवी. नाही कसं म्हणणार? पण एकाचं घेतलं म्हटल्यावर मागून एक मावशी उठल्या. "अरे बाळा, सतराव्यावर ही मेथी तेवढी..." मेथीच्या पिशवीत तळाशी दोन किलो कांदे होते, हे मला अकराव्यावर कळलं.

दहाव्यानंतर जिन्यातले दिवे गेलेले. बाराव्यावर एक पोरगा पायरीवर बसला होता, आठ-नऊ वर्षांचा. त्याने माझं हेल्मेट मागितलं, घातलं, माझा मोबाइल घेतला आणि टॉर्च धरून पुढे चालायला लागला. "काका, डावीकडे कुंडी आहे. सांभाळून." काका! मला चोविसावं चालू आहे.

1402 मधल्या वहिनींनी दूध घेतलं आणि आधी विचारलं, "बाबा कुठेयत?" आठव्यावर बसलेत म्हटल्यावर हुश्श म्हणाल्या. सतराव्यावर मेथी दिली. एकोणिसाव्यावर बेल दाबली तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या.

दार उघडलं माझ्याच वयाच्या मुलाने. "अरे, लिफ्ट चालू झाली?"

"नाही."

तो गप्प झाला. ओटीपी येईना. शेवटी त्याने खिडकीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढून पावसात मोबाइल धरला, तेव्हा कुठे मेसेज आला. तोवर हेल्मेटवाल्या पोराने पिशवी सोडून खोक्यात डोकावलंसुद्धा होतं. आत पाच-पाच किलोचे दोन डंबेल्स.

"उद्यापासून व्यायाम चालू करायचाय," तो मुलगा कसाबसा म्हणाला.

आतून त्याच्या आईचा आवाज आला, "जिने चढ म्हणून कधीची सांगतेय मी! फुकटात होतं." मग त्या तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आल्या. मी तो उभ्या उभ्या रिकामा केला. मुलाने 100 रुपये पुढे केले. मी घेतले. नको-बिको म्हणण्याइतका दम छातीत नव्हता.

उतरताना वाटलं, आता हात मोकळे. चौदाव्यावर वहिनी दारातच उभ्या होत्या, हातात थर्मास.

"खाली जातोयस ना?"

पोराला बाराव्यावर त्याच्या आईने आत ओढलं, हेल्मेट मी दारातून परत घेतलं. मोबाइल पुढची ऑर्डर वाजवत होता.

आठव्यावर आजोबा तिथेच होते. थर्मास बघून सावरून बसले. दोन झाकणांत चहा ओतला, एक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेतलं आणि घोटभर पिऊन तोंड वाकडं केलं.

"साखर नाही घातली बघ. तिला वाटतं मला कळत नाही."