मुक्कामी गाडीची गोष्ट

चल, डोकं उशीवर, पांघरूण गळ्यापर्यंत, हां, आता ऐक. एक होती लाल एसटी, मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात येऊन तिथेच झोपायची. दिवसभर घाट चढून चढून बिचारीची चाकं दुखत होती. पाराजवळ आली आणि इंजिन बंद... घुर्रर्र... घुर्र... गप्प.

ड्रायव्हरकाका देवळात सतरंजी टाकून झोपले, कंडक्टरकाकांनी पैसे मोजले, तिकिटाचं मशीन उशाशी ठेवलं आणि तेही आडवे झाले. गाडीला मात्र काही झोप येईना.

मग आली एक मनीमाऊ, खिडकीतून आत, सामानाच्या रॅकवरून चालली आणि शेपटी लागली घंटीच्या दोरीला... टिंग! दोनदा वाजली की चला, एकदा वाजली की थांबा, माहितीये ना तुला? गाडीलापण माहिती होतं. मनी बॉनेटवर जाऊन बसली, ते अजून गरम होतं ना, मस्त वेटोळं केलं तिने.

मग गाडीचे दिवे थांबले... चाकं थांबली... आता तुझे पाय थांबले... हातपण थांबले... डोळे मिटले... टिंग... झोप हं पिल्लू.