उद्याचा पेपर: हॉल तिकीट, गेट आणि ओएमआर (मुलं आणि पालक दोघांनी वाचा)

दुपारपासून फोन आणि मेसेज चालूच आहेत आणि प्रश्न तेच तेच येतायत, म्हणून हॉल तिकिटावरच्या बारीक अक्षरातल्या चार पानांचं सार इथे एकदाच लिहितो. तरी झोपायच्या आधी स्वतःचं हॉल तिकीट एकदा स्वतः वाचा, कारण रिपोर्टिंगचा स्लॉट प्रत्येकाचा वेगळा आहे, मित्राचा ८.०० चा असला म्हणून तुमचा पण तोच असेल असं नाही.

पेपर १० ते १. गेट ९.३० ला बंद. ९.३१ ला आलेल्याला आत घेत नाहीत, रडून नाही, ट्रॅफिकचं कारण सांगून नाही, आणि गेटवरच्या माणसाच्या हातात ते नसतंच, त्यामुळे त्याच्याशी वाद घालू नका. सेंटर अजून पाहिलं नसेल तर पत्ता आत्ता नीट वाचा, एकाच नावाच्या दोन शाळा किंवा एका कॉलेजच्या दोन बिल्डिंगी असतात आणि दरवर्षी कुणीतरी चुकीच्या गेटसमोर उभं असतं.

सोबत काय न्यायचं: हॉल तिकिटाची सगळी पानं प्रिंट काढून (मोबाईलवर दाखवलेलं चालत नाही), ओरिजिनल फोटो ओळखपत्र, फॉर्मवर लावलेला तोच फोटो दोन कॉपी, पारदर्शक बाटलीत पाणी. ओळखपत्राची झेरॉक्स चालणार नाही. पेन हॉलमध्येच मिळणार आहे तरी एक काळं बॉलपेन ठेवा, आत नेऊ दिलं नाही तर पालकांकडे द्या, काही बिघडत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते. हॉल तिकिटावर सहीचे दोन चौकोन आहेत. डिक्लरेशनखालची सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा घरूनच करून न्यायचा, पण फोटोशेजारची सही पर्यवेक्षकांच्या समोरच करायची. आज रात्री उत्साहात दोन्हीकडे सह्या करून टाकू नका!! गेल्या बॅचमधल्या एका मुलीने केली होती, पेपर दिला तिने, पण सुरुवातीची दहा मिनिटं नवीन प्रिंट आणि अर्ज यात गेली आणि त्या दहा मिनिटांनी पुढचा तासभर डोकं शांत झालं नाही. ज्यांच्याकडून झालंय त्यांनी आत्ताच दुसरी प्रिंट काढा. अंगठा शाईत बुडवू नका, हलका लावा, नुसता काळा डाग उमटला तर तो ठसा नाही.

घड्याळ, फोन, इअरफोन, कॅल्क्युलेटर, पाकीट, कागदाचा चिठोरा, काहीही आत नाही. स्विच ऑफ केलेला फोनसुद्धा खिशात सापडला तर तो कॉपीच्या प्रकरणातच धरतात. मेटल डिटेक्टर असतो, म्हणून मोठी बटणं, जाड बक्कल, दागिने घरीच. पूर्ण बाह्या किंवा डोकं झाकणारा पोशाख असेल तर तपासणीला वेळ लागतो, अशांनी स्लॉटच्या पण आधी पोचा. औषध किंवा इन्सुलिन लागत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि गेटवरच आधी सांगा.

आत गेल्यावर बुकलेटचा कोड आणि ओएमआरवरचा कोड जुळतोय का ते पहिल्यांदा बघा, पानं मोजा, काही फाटलं किंवा कोरं असेल तर लगेच हात वर करा, अर्ध्या तासाने सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. रोल नंबर आधी आकड्यात लिहा, मग त्यावरून गोल भरा, पाठ आहे म्हणून न बघता भरू नका. गोल पूर्ण काळा करायचा, टिक नाही, अर्धा नाही. पेनने भरलेलं खोडता येत नाही, ब्लेड किंवा व्हाइटनर लावला तर मशीन काय वाचेल सांगता येत नाही, आणि एका प्रश्नाला दोन गोल म्हणजे चूकच. रफ वर्क बुकलेटमध्येच, ओएमआरवर साधा ठिपकाही नको. उत्तरं शेवटी एकदम भरायची सवय असेल तर उद्या ती सोडा, प्रत्येक पानानंतर भरत चला, १ ची घंटा झाल्यावर एक गोलसुद्धा भरू देत नाहीत. ओएमआर पर्यवेक्षकांच्या हातात देऊन हजेरीपत्रकावर सही केल्याशिवाय जागेवरून उठू नका.

पालकांनो, एक विनंती. मुलगा किंवा मुलगी बाहेर आल्या आल्या "किती सुटले?" विचारू नका, आधी पाणी द्या. आणि आत जाताना "हे वाचलंस का" पण नको, त्या क्षणी वाचलेलं असलं तरी नाही म्हणतात पोरं. भेटायची जागा आजच ठरवून ठेवा, मुलांकडे फोन नसणार आणि गेटवर गर्दी असणार.

मी सकाळी ६ पासून फोनवर आहे. आता बॅग भरा, हॉल तिकीट आणि ओळखपत्र एका पारदर्शक फोल्डरमध्ये टाकून चपलांजवळ ठेवा, आणि झालं की ग्रुपवर फक्त "झालं" लिहा.