6 ते 14 ऑक्टोबर ब्रेक घेतोय, स्लॉट आणि लेव्हलबद्दल आत्ताच लिहून ठेवतोय

नमस्कार सर, मी बालाजी, लातूर औसा रोड झोन, डिलिव्हरीचे संध्याकाळ आणि रात्रीचे स्लॉट मारतो तो. फोनवर बोललो असतो पण हे लिहूनच द्यायचंय, म्हणून तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवतोय आणि हाच मेसेज जसाच्या तसा अॅपमधल्या हेल्पच्या तिकिटात पण टाकतोय, म्हणजे दोन्हीकडं रेकॉर्ड राहील.

सोमवार 6 ऑक्टोबर ते मंगळवार 14 ऑक्टोबर मी ऑनलाइन येणार नाही. बुधवार 15 च्या संध्याकाळच्या स्लॉटला हजर. आज 30 सप्टेंबर आहे, म्हणजे ऐनवेळी सांगायलोय असं नाही.

कारण सोयाबीन. आमचं गाव औसा तालुक्यात तेरणाकाठी आहे, आणि या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्ही पण बघितलंच. खालचं वावर तर गेलंच, त्याचं आता बोलून उपयोग नाही. वरच्या तुकड्यात जे उभं आहे तेवढं तरी घरात आणायचंय. मागच्या रविवारी जाऊन आलो तर बांधाकडच्या ओळीत शेंग दाबून बघितली, आतला दाणा फुगलेला आणि दोन शेंगांत तर चक्क मोड आलेला. आता ऊन पडलं की लगेच कापायला पाहिजे, कारण तिकडं उशीर झाला तर वाळलेल्या शेंगा उभ्यानंच तडकतात आणि दाणा मातीत जातो. मजूर मिळत नाहीत, सगळ्या गावाची काढणी एकदमच आली, आणि हडंब्याचा नंबर आमचा 11-12 च्या आसपास लागलाय, तो चुकला तर मग आठ दिवस ढीग ताडपत्रीखाली. वडिलांचं गुडघ्याचं दुखणं आहे, त्यांच्याच्यानं एकट्यानं होत नाही. म्हणून जावंच लागतंय.

आता मुद्द्याचं. माझे मागच्या आठवड्याचे स्लॉट रिपीटवर असल्यामुळं 6 ते 12 चे सगळे आपोआप बुक झालेत, शनिवार रविवारच्या पीक अवरसकट. मी माझ्याकडून एकेक करून कॅन्सल केले तर ते कॅन्सलेशनमध्ये मोजतात आणि नाही केले तर नो-शो पडतो, म्हणजे इकडं आड तिकडं विहीर. तर ते तुमच्या बाजूनं काढा, आणि शुक्रवारच्या आत काढा म्हणजे ते स्लॉट दुसऱ्या पोरांना तरी मिळतील. आपल्याच झोनमध्ये तीन-चार जण रविवार रात्रीच्या स्लॉटसाठी बघत बसलेले असतात आणि माझा रिकामा स्लॉट नुसता अडकून पडणार, यात कंपनीचा पण फायदा नाही.

अॅपमध्ये मी आधी बघितलं सर. तिथं "गाडी खराब" आहे, "तब्येत ठीक नाही" आहे, "इमर्जन्सी" आहे, पण ठरवून सुट्टी घ्यायची असं बटनच नाही. काही पोरं म्हणली गाडी खराब टाक आणि जा. मी टाकणार नाही, गाडी चांगली आहे, सर्व्हिसिंग आत्ताच झालंय, आणि उद्या कुणी फोटो मागितला तर मी काय दाखवू. करारात आम्हाला पार्टनर म्हणता ना, मग पार्टनर आठवडाभर आधी तारखेसकट सांगून जायलाय तर तो गैरहजर कसा धरायचा, एवढं एकदा वरच्यांना विचारा.

हे सगळं इतकं लिहितोय कारण उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा आधीच्या टीएल ना तोंडी सांगितलं होतं, ते "हो हो जा" म्हणले, आणि परत आलो तर गोल्डचा सिल्व्हर झालेला. सिल्व्हर झालं की स्लॉट उशिरा खुलतात, आपली पाळी येईपर्यंत रात्री 8 ते 11 चे चांगले स्लॉट गेलेले असतात, उरतात ते दुपारचे, आणि दुपारी लातूरात ऑर्डर किती असतात ते तुम्हाला माहितीये. आठवड्याचा इन्सेन्टिव्ह पण बसत नाही. तेव्हा चॅटवर विचारलं तर "प्रिय पार्टनर, असुविधेबद्दल खेद आहे" एवढंच, दर वेळेला नवीन माणूस, दर वेळेला तेच वाक्य. गोल्ड परत यायला पार गणपती आले. ते दुसऱ्यांदा व्हायला नको.

तर एवढं लेखी पाहिजे: ब्रेकच्या दिवसांचा नो-शो आणि लॉगिन तास लेव्हलच्या हिशोबात धरायचे नाहीत, रेटिंग आज आहे तीच 15 तारखेला दिसली पाहिजे, आणि इतके दिवस बंद म्हणून आयडी इनॅक्टिव्ह करून परत ट्रेनिंग-डॉक्युमेंटच्या रांगेत उभं करायचं नाही. ब्रेकच्या आठवड्याचा इन्सेन्टिव्ह मी मागत नाही, काम केलं नाही तर पैसे कशाचे. आणि एक विचारायचं होतं, अपघाताचा जो इन्शुरन्स आहे तो या दिवसांत चालू राहतो का, की लॉगिन नसलं की बंद पडतो? गावाकडं पण गाडीवरच हिंडायचंय, म्हणून.

आयडी दुसऱ्या कुणाला चालवायला देणार नाही, हे पण लिहून ठेवा. दोघांनी विचारलं, भाडं देतो म्हणले, सेल्फी व्हेरिफिकेशनला व्हिडिओ कॉल करू म्हणले. नको ते. त्यानं एखादी ऑर्डर खाल्ली किंवा कस्टमरशी वाद घातला तर नाव माझं जाणार. त्यामुळं या तारखांना माझ्या आयडीवर लॉगिन दिसलं तर तो मी नाही, लगेच ब्लॉक करा आणि मला कळवा.

कॅशचं म्हणाल तर रविवारी 5 तारखेला शेवटचा स्लॉट संपला की हातातली सगळी कॅश भरून पावती तुम्हाला टाकतो, बाकी शून्य करूनच जाणार. बॅग आणि टी-शर्ट माझ्या रूमवरच राहतील. कोजागिरी 6 लाच आहे, त्या रात्री डेअरी आणि स्वीट मार्टच्या ऑर्डर वाढतात, तर त्या दिवशी औसा रोडला एक माणूस जास्त ठेवा. मी नसलो तर ट्यूशन एरियातल्या होस्टेलच्या ऑर्डर कुणाला टाकायच्या ते पण बघा, तिथल्या गल्ल्यांत नवीन माणूस फिरत राहतो, पिन एका बिल्डिंगवर आणि पोरगं उभं असतं मागच्या गेटला. इम्रानला ते सगळं पाठ आहे, त्याच्याशी बोललोय, तो तयार आहे.

15 पासून मी दिवाळीपर्यंत सलग आहे. वसुबारस 17 ला, लक्ष्मीपूजन 21 ला, पोरं गावी जायच्या आधीचे ते चार-पाच दिवस रात्री ऑर्डरचा नुसता पाऊस असतो, त्यात एकही स्लॉट सोडणार नाही. पाऊस परत आला आणि हडंबा पुढं ढकलला गेला तर 13 च्या संध्याकाळपर्यंत मी स्वतः कळवतो, त्याच्यानंतर नाही.

शुक्रवारपर्यंत "मंजूर" एवढं जरी लिहून पाठवलं आणि तिकिटावर पण तेच टाकलं तरी चालेल. नुसता अंगठ्याचा इमोजी नको सर, त्याचा स्क्रीनशॉट दाखवून काही उपयोग होत नाही. गावात रेंज देवळापाशीच येते आणि हडंबा चालू असला तर फोन ऐकू येत नाही, तर कॉल करण्यापेक्षा मेसेज टाका, संध्याकाळी 7 नंतर बघून उत्तर देतो.

बालाजी
औसा रोड झोन, लातूर